विमानतळावरच्या फोटोखाली काय लिहू

१४ ऑगस्ट, गुरुवार
पासपोर्ट आला! कुरिअरवाला आमच्या विंझरपर्यंत यायला तयार नव्हता. "नसरापूर फाट्यावर या, तिथं देतो." अण्णांनी गाडी काढली. सही माझीच लागते म्हणून मी मागं. पाकीट तिथंच वडापावच्या गाडीशेजारी उभं राहून फोडलं. व्हिसाचं एक पान. माझा फोटो, जर्मन अक्षरं, तारखा.
अण्णांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "एवढंच? एवढ्यासाठी दोन वर्षं घासली व्हय तू?"
मग एक वडापाव मला, एक त्यांना. घरी येताना गाडी लई सावकाश चालवली.
आई पासपोर्ट देवापुढं ठेवून हळदकुंकू लावायला निघाली. शीतल किंचाळली, "आई, न्हाई! डाग पडला तर विमानात बसू देणार न्हाईत तिला." शेवटी पाकिटालाच कुंकू लावलं.
शीतल म्हणजे आमचं धाकटं शेंडेफळ, कॉलेजात, आणि घराचं मोबाईल खातं तिच्याकडं. तिचा पहिला प्रश्न: "ताई, कॅप्शन काय टाकणार?"

१७ ऑगस्ट
अजून कुठंच टाकलं नाही. आत्याला, मामांना आधी फोन करून सांगितलं. स्टेटसवरून कळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.
पण टाकायचं आहे. मनापासून. नर्सिंग केलं, पुण्यात पाच वर्षं ड्युट्या केल्या, मग नोकरी सोडून जर्मन शिकले. पहिल्यांदा जर्मनच्या बी-टू पातळीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात नापास झाले, दुसऱ्यांदा पास. मग कागद. नर्सिंग कौन्सिलचा दाखला, मार्कलिस्ट, त्यांचं भाषांतर, त्यावर शिक्के, शिक्क्यांवर शिक्के. लोकांना वाटतं एजंटनं उचललं आणि नेलं. एकदा तरी सगळ्यांना सांगावंसं वाटतं.
आणि दुसरं पण सांगावंसं वाटतं, की जायची भीती वाटतेय. दोन्ही एका फोटोखाली कसं मावायचं?

२४ ऑगस्ट, रवि.
शीतलने, म्हणजे शी.ने, आज मला कॅप्शनचे धडे दिले. लिहून ठेवते, ती फार गंभीर होती.
इन्स्टावर फक्त पहिली ओळ दिसते, दुसरी अर्धवट. बाकीचं "आणखी" दाबल्यावर. कुणी दाबत नाही. म्हणून खरं काय ते पहिल्या ओळीत. स्टेटस चोवीस तासांनी जातं, पोस्ट राहते. म्हणून रडायचं असेल तर स्टेटसवर रड, पोस्टवर नको. आणि इंग्रजीत लिहिलंस तर गावाला कळणार नाही, मराठीत लिहिलंस तर तिकडच्यांना कळणार नाही, मग आधी ठरव कुणाला सांगायचंय.
हा शेवटचा प्रश्न खरा होता.
माझे आजचे प्रयत्न: "स्वप्नांना पंख फुटले" (शी.: शाळेच्या फळ्यावरचं वाटतंय). "मन इथं, मी तिथं" (शी.: रिक्षाच्या मागं असतं). "आई-अण्णांच्या कष्टाचं चीज" (शी.: बरं आहे, पण सगळेच टाकतात).
चीज म्हटलं तरी कष्ट कोणते ते कुणाला माहीत? क्लास पुण्यात सकाळी आठचा. आठच्या आत पोचायचं तर नसरापुरातून लवकरची गाडी. अकरा महिने अण्णांनी मला रोज फाट्यावर सोडलं. पावसात प्लास्टिकचा कागद पांघरून, थंडीत कानाला मफलर. आणि संध्याकाळी धार काढताना माझी वही आईकडं द्यायचे, आई हातात बॅटरी धरायची आणि अण्णा मान वळवून वाचायचे. वहीत मी जर्मन शब्द मराठी अक्षरांत लिहिलेले. अण्णा सातवी शिकलेले. "श्मेर्त्सन?" मी म्हणायचे, दुखणं. "हाबेन झी श्मेर्त्सन?" तुम्हाला दुखतंय का? गाय पण कान टवकारायची.
हे कुठल्या ओळीत बसवू.

२ सप्टें.
गौरी गेल्या. आईने यंदा गौरीपुढं माझी जर्मन वही ठेवली होती. न विचारता.

७ सप्टें., रविवार
सामान. २३ किलोत काय काय बसतं! इंद्रायणी तांदूळ चार किलो आईने घातला, मी दोन काढला, तिने परत एक घातला. गोडा मसाला तीन पिशव्यांत. लोणचं नको म्हटलं तर तोंड पाडून बसली, मग हातातल्या बॅगेत नेता येत नाही म्हणून मोठ्या बॅगेत, प्लास्टिकवर प्लास्टिक. पांढरे बूट वॉर्डसाठी. कागदांची फाईल हातातच ठेवायची, बॅगेत नाही. हे मी स्वतःला दहादा सांगितलं.
अण्णा अंगणात. आत आले नाहीत. वजनकाटा मात्र डेअरीवरून त्यांनीच मागून आणलेला.

९ सप्टें., मंगळवार. मुंबई विमानतळ, आत
मामांची जीप, उत्रोलीहून आलेली. आई, अण्णा, शी., मी. दरवाजापर्यंतच येऊ देतात, तिकीट असेल तोच आत. हे माहीत होतं, तरी आईला वाटत होतं की ती विमान दिसेपर्यंत येणार.
शी.ने दारात फोटो काढला. मी ट्रॉलीला धरून, शेजारी अण्णा. नेमके अण्णांचे डोळे मिटलेले, तोंड कसंतरी. परत काढ म्हणेपर्यंत मागचे लोक ढकलायला लागले.
आईने तोंडावरून हात फिरवला. अण्णा म्हणाले, "जा. गाडी चुकंल."
विमानाला गाडी म्हणाले.
आत येऊन तपासणी, शिक्का, सगळं सुरळीत. आता विमानात बसले. उड्डाणाला वीस मिनिटं. टाकते आता. फोटोतून अण्णांना कापलं, डोळे मिटलेला फोटो कसा टाकायचा त्यांचा. एकटी मी, हसरी, छान आलेय. कॅप्शन सुचेना, मग मनात जे आलं ते:
"शेवटी सुटले! नवं आयुष्य, नवी मी."
स्टेटसवर पण, इन्स्टावर पण. फोन बंद करा म्हणतायत.

१० सप्टें.
पोचले. पोचले! आकाश इतकं जवळ कधी बघितलं नव्हतं. हॉस्पिटलची बाई नावाची पाटी घेऊन उभी होती, नाव बरोबर लिहिलेलं, त्याचंच रडू आलं. खोली हॉस्पिटलच्या वसतिगृहात, सोबत केरळची ब्लेसी, माझ्याआधी चार महिने आलेली. तिने डाळभात तयार ठेवला होता. देव तिचं भलं करो.
गाव तसं छोटं. रस्त्यात सफरचंदं पडलेली, कुणी उचलत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तू तरी उचल."
अण्णा फोनवर आले नाहीत. धारेला गेलेत म्हणाली.

१२ सप्टें., शुक्र.
नगरपालिकेत पत्ता नोंदवला. इथं तो कागद नसेल तर बँक खातं नाही, फोनचं कार्ड नाही, काहीच नाही. सगळं जर्मनमध्ये बोलले. काउंटरवरची बाई म्हणाली, "तुम्ही छान बोलता." उड्या मारत परत आले.
संध्याकाळी शी.चा मेसेज. मोठा. तिने दोन दिवस दाबून ठेवलेलं.
डेअरीवर दूध घालायला अण्णा उभे होते, तेव्हा सुरेशने, तो कॅन मोजतो तो, माझं स्टेटस मोठ्यानं वाचलं. "अण्णा, पोरगी म्हनती शेवटी सुटले! घरात लई तरास हुता काय वो?" सगळे हसले. अण्णा पण हसले म्हणे. मग दूध न घालताच परत आले आणि ते दूध आईला तापवायला दिलं.
मला म्हणायचं होतं कागदांतून सुटले. परीक्षांतून. रांगांतून. हे त्या ओळीत कुठं लिहिलं होतं? नव्हतंच.

१३ सप्टें.
स्टेटस आपोआप गेलेलंच. इन्स्टावरचं कॅप्शन बदललं: "खूप वाट बघितल्यानंतर नवी सुरुवात. घरच्यांमुळे शक्य झालं." पण बदललं की ते बदललेलं आहे असं दिसतं. आणि सुरेशसारख्यांनी आधीच फोटो काढून ठेवलेला. छापलेलं खोडता येतं, वाचलेलं नाही.
अण्णांना फोन. आई: "बाहेर गेल्यात." पाठीमागं त्यांचा खोकला ऐकू आला.

२२ सप्टें., सोम.
वॉर्डात पहिला आठवडा संपला. माझी डिग्री अजून पूर्ण मान्य नाही, त्यांनी तपासून कोणते विषय, कोणते तास कमी पडतात त्याचं पत्र दिलंय. त्यासाठी पुढं ज्ञानपरीक्षा द्यायची, तोंडी आणि खऱ्या रुग्णावर. तोवर मी मदतनीस नर्स. सुई नाही, सलाईन नाही. इथली नर्स रुग्णाला अंघोळ घालते, पाठ पुसते, भरवते, कुशीवर वळवते. पुण्यात हे मावशी करायच्या किंवा नातेवाईक. पहिल्या दिवशी वाटलं, पाच वर्षं आयसीयूत काढून हे?
मग बघितलं, वॉर्डप्रमुख फ्राउ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई, साठीच्या, स्वतः गुडघ्यावर बसून एका आज्जीचे पाय पुसतायत आणि पायाचा रंग, सूज, जखम सगळं त्यातच बघतायत. मला म्हणाल्या, "धुताना बघितलं नाही तर तपासायचं कधी?"
लाज वाटली. आणि शिकायला मिळतंय म्हणून बरं पण वाटलं.

२९ सप्टें.
पाठ मोडलीय, पाय दुखतायत. सकाळी सहाचं हॅंडओव्हर, रात्रपाळीवाले आम्हाला रुग्णांची माहिती देतात ते, म्हणजे वादळ. सगळे भराभर, अर्धी अक्षरं गिळून. मी वहीत मराठीत लिहून घेते, मग जर्मन करते. आज अर्धं कळलं. गेल्या सोमवारी पाव कळलेलं.
आई रोज दुपारी (माझ्या) एक फोटो पाठवते. शी.ने शिकवलंय. फोटोखाली बोलून टाइप होतं ते. आज गोठ्याचा फोटो आणि खाली: "गाय बरी हाय तू जेव"
तिचं कॅप्शन माझ्यापेक्षा चांगलं.
तीन आठवडे होत आले, अण्णा बोलले नाहीत. रागावलेत म्हणावं तर आईला विचारतात म्हणे, जेवली का. फक्त फोन कानाला लावत नाहीत.

६ ऑक्टो., सोमवार
आज एक गोष्ट घडली. नाव लिहायचं नाही, डायरीतही नाही, म्हणून नुसतं आजोबा. ब्याऐंशी. खुबा मोडलाय. आयुष्यभर शेती केली, गायी होत्या. वळवताना मी विचारलं, "हाबेन झी श्मेर्त्सन?" ते थांबले, म्हणाले, हे इतकं स्वच्छ कुणी शिकवलं? इथलीच पोरं गिळून बोलतात.
मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. गायीची धार काढताना.
आजोबांना हसू आवरेना. हसता हसता खोकला, मी पाणी दिलं. मग विचारलं, किती गायी? मी म्हटलं तीन, एक म्हैस. म्हणाले, म्हशीचं दूध कधी प्यायलो नाही. मग अर्धा तास म्हैस समजावून सांगितली. शिंगं हातानं दाखवली.
खोलीवर आल्यावर हे सगळं अण्णांना सांगायचं होतं. आईने फोन धरला, म्हणाली, "गोठ्यात हायत, सांगते." मी म्हटलं नको, मीच सांगेन.

११ ऑक्टो.
परवा ठरवलं, नवीन पोस्ट टाकायची. नीट. फोटो वॉर्डातला, गणवेशात. कॅप्शनमध्ये आजोबांचा किस्सा, अण्णांची धार, सगळं. नाव न लिहिता.
बरं झालं आधी ब्लेसीला दाखवलं. ती म्हणाली, थांब, मागं बघ. माझ्या खांद्यामागं पांढरा फळा, खोली नंबर आणि रुग्णांची आडनावं. तिने सांगितलं, हे टाकलंस तर परीक्षा बाजूलाच राहील, नोकरी जाईल.
दुसऱ्या दिवशी स्वतःहून फ्राउ क्रेमरना विचारलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, वॉर्डातला फोटो नाही, कुठलाच नाही. आणि रुग्णाचा किस्सा नाव नसलं तरी नाही, छोटं गाव आहे, वय आणि खुबा सांगितला की कुणाचा आजोबा ते सगळ्यांना कळतं. "तुमच्या वडिलांबद्दल लिहा. ते तुमचे आहेत."
मी म्हटलं, ते सध्या बोलत नाहीत माझ्याशी. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. फक्त कॉफी ओतून दिली. अशा वेळी न विचारणारी माणसं देवानेच पाठवलेली असतात.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
दुपारची ड्युटी. ब्लेसी आणि दुसऱ्या वॉर्डातली एक नेपाळी मुलगी, तिघींनी मिळून सकाळी खिडकीत पणत्या लावल्या. वसतिगृहात धुराचा भोंगा आहे, म्हणून पणत्या बॅटरीच्या. दिवाळीत बॅटरीच्या पणत्या! हसून हसून पुरेवाट.
घरी व्हिडिओ लावला. आई, शी., मामा, फराळ, आकाशकंदील. अण्णा मागून गेले. पाठमोरे. नवीन सदरा होता.
ड्युटीला जाताना पूल ओलांडते तिथं थांबले. नदीवर धुकं, झाडं सगळी पिवळी, इतकी पिवळी की हळदीच्या ताटात उभी राहिल्यासारखं. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. आणि तेव्हाच अण्णांचा पाठमोरा सदरा आठवला. आनंद आणि ते, दोन्ही एकदम, एकाच ठिकाणी. लोक म्हणतात आधी आनंद मग आठवण. माझं तसं नाही होत. सुंदर काही दिसलं की तेव्हाच घर आठवतं.

२६ ऑक्टो., रवि.
इथं आज घड्याळं एक तास मागं. फ्राउ क्रेमरनी चारदा बजावलेलं, तरी मी एक तास आधी वॉर्डात पोचले. सगळे हसले. मी पण.

२७ ऑक्टो.
एक गंमत. माझी सकाळची ड्युटी अडीचला सुटते. आत्तापर्यंत तेव्हा घरी सहा वाजलेले असायचे, धारेची वेळ, म्हणून अण्णा गोठ्यात. खरंच गोठ्यात, नुसतं निमित्त नव्हे. आता तिकडं सात वाजतात. धार झालेली, डेअरी झालेली, अण्णा घरात.
आईने फोन उचलला. "हायत की, हितंच बसल्यात." मग कुजबुज. मग फोन ठेवला गेला. रेंज गेली म्हणाली नंतर.

३० ऑक्टो., गुरुवार
बोलले. बोलले!
आजच्या आज लिहिते, शब्द न् शब्द.
फोन शी.ने उचलला आणि सरळ अण्णांच्या हातात दिला. मग, "भात काढायला लागलोय. पाऊस मधी आला हुता, वल्लं झालंय."
मी म्हटलं, अण्णा, ते सुटले म्हणजे मला कागदांतून सुटले म्हणायचं होतं. घरातून नाही. खरंच.
"त्ये कळतंय मला."
"मग?"
"आगं, म्या येडा हाय का? अकरा म्हैनं म्या सोडलीय तुला फाट्यावर. सुटले म्हनली तर म्या बी सुटलोच की त्या थंडीतनं." हसले जरा. "सुऱ्या बोलला त्येचं बी न्हाई काय. त्यो बोलतोच."
"मग काय अण्णा? दीड महिना झाला."
"फोटूत म्या न्हाई."
मला कळेना.
"म्या हुतो ना तिथं. ट्रॉली धरून. सुऱ्यानं दावला तवा बघितलं, तू येकलीच. निसता माझा हात राहिलाय दांडीवर. चार बोटं. म्हनलं, आपन दिसायला बरं न्हाई. धोतर-टोपीवाला मानूस. तिकडच्या लोकास्नी दावायला लाज वाटली आसंल पोरीला. आसू दे."
मी रडतच सांगितलं. अण्णा, तुमचे डोळे मिटलेले होते. फक्त तेवढंच. तुम्ही मिटलेल्या डोळ्यांनी वाईट दिसाल म्हणून कापलं, शप्पथ.
मग म्हणाले,
"मिटल्यालं आसू देत की. हुतो ना तिथं."
पाठीमागं आई म्हणत होती, द्या हिकडं फोन, ती रडती.
मी दीड महिना शब्दांत शोधत होते. चूक फोटोत होती.

३१ ऑक्टो.
ज्यांनी मला इतकं दिलं त्यांनी एवढीशी गोष्ट मागितली, ती पण मागितली नाही, मनात ठेवली. रात्री झोप छान लागली मात्र. किती दिवसांनी.

१ नोव्हें., शनि.
शी.कडून मूळ फोटो मागवला. फोन भरला म्हणून तिने काढून टाकला असेल या भीतीनं जीव थाऱ्यावर नव्हता. होता तिच्याकडं.
मोठा करून बघितला. अण्णांचे डोळे मिटलेले नाहीत, घट्ट आवळलेले आहेत. रडू येऊ नये म्हणून आवळतात तसे. तेव्हा मला घाईत दिसलंच नाही. मी हसतेय आणि शेजारी अण्णा.
आधी नवं कॅप्शन वाचून दाखवलं अण्णांना फोनवर, मग टाकणार होते. अण्णा म्हणाले, "माझं नाव कशाला." मग म्हणाले, "वाच परत."
शी.ने पण मान्य केलं, पहिली ओळ बदलायची गरज नाही म्हणाली. टाकलेलं असं:

"हे माझे अण्णा. डोळे मिटलेत, पण तिथंच होते.
अकरा महिने मला पहाटे फाट्यावर यांनी सोडलं. गोठ्यात बसून जर्मन शब्द यांनी विचारले आणि बॅटरी आईने धरली. बहिणीने कॅप्शन शिकवलं आणि मी चुकीचं टाकलं. इथं सगळं नवीन आहे आणि मला खूप आवडतंय. झाडं इतकी पिवळी झालीत की तुम्ही बघायला हवीत. आणि रोज दुपारी अडीच वाजता मला घरी जायचं असतं. दोन्ही खरं आहे."

शी.चा मेसेज: "लांब झालंय. राहू दे."

३ नोव्हें.
लाइक बिक कमीच. पहिल्या फोटोच्या निम्मे. पण आत्याचा फोन आला, ती रडत होती. क्लासच्या बाईंनी जर्मनमध्ये लिहिलंय, वडिलांना माझा नमस्कार, माझ्यापेक्षा चांगले शिक्षक. अण्णांना वाचून दाखवलं. "बाई बर्‍या हायत," एवढंच. पण शी. म्हणते, दिवसभर गुणगुणत कापणी केली.

१० नोव्हें.
अण्णा आता रोज बोलतात. अडीचचे अडीच, तिकडचे सात. बोलणं म्हणजे: भात किती झोडलं, पेंढा कुठं रचला, म्हैस गाभण आहे. मग, "आज कुठला शब्द?" मी एक नवीन शब्द सांगते. आज सांगितला "बेदांकं मिश", आभारी आहे. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा आईला म्हणाले. ती म्हणाली, "ह्ये काय आनि?"

२४ नोव्हें., सोम.
परीक्षेचं पत्र आलं. तयारीचा कोर्स जानेवारीत, परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये कधीतरी. तारीख नंतर कळवतील. पास झाले तर पूर्ण नर्स. सुई, सलाईन, स्वतःचे रुग्ण. पगारही, पण मला आत्ता फक्त ते नाव पाहिजे, गणवेशावरच्या पाटीवरचं.
पहिल्यांदा वाटलं, इथं मी राहू शकते. नुसती दोन वर्षं काढायची म्हणून नाही. इथं. या विचाराची भीती वाटली आणि लपवून ठेवला.
आज बाहेर बर्फाचे कण. आजोबा घरी गेले, काठीवर, स्वतः चालत. दारातून मला म्हणाले, म्हशीला नमस्कार सांग.

२ डिसें.
वॉर्डात भिंतीवर पुढच्या अख्ख्या वर्षाचा सुट्टीचा तक्ता लागला. इथं डिसेंबरातच पुढच्या वर्षीची सुट्टी प्रत्येकाने भरायची. बहुतेकांची भरून झाली, उन्हाळ्याचे चौकोन जवळजवळ संपलेत. माझ्या नावापुढं सगळे रिकामे.
फ्राउ क्रेमर म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत. आणि पेनने, पेन्सिलनं नाही. पेन्सिल धरली की लोक खोडतात."

४ डिसें., गुरुवार
घरी विचारलं. आई म्हणते गौरीला ये, सप्टेंबरात. अण्णा म्हणतात लावणीला ये, जुलै. "दोन दिस चिखलात उभी ऱ्हायलीस की तिकडचं सगळं उतरंल." शी. म्हणते तिच्या निकालाला ये, जूनला.
तिन्ही महिने परीक्षेचे. एखादा भरला आणि तारीख त्यातच पडली तर सुट्टी बदलता येत नाही, परीक्षा पुढं ढकलली की परत महिनोन्महिने. नाही भरला तर वर्षभर घरी जाणं नाही.
अण्णांना हे सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "परीक्षा महत्त्वाची." मग लगेच, "पन भात काय थांबत न्हाई."
मग दोघंही हसलो.
उद्या सकाळी सहाला ड्युटी, हॅंडओव्हर झाला की तक्ता. पेन पिशवीत ठेवलंय, निळं. जुलै लिहावं की चौकोन रिकामा ठेवावा, ते तक्त्यासमोरच ठरवेन.